कार्ड नंबर चुकला हे ॲपला नेट बंद असताना कसं कळतं?

निपाणीचा_बाळू
मंडळी, परवाची गोष्ट. कागलचे मामा, निवृत्त मास्तर. त्यांच्या क्रेडिट कार्डाचं बिल मीच भरतो. कार्ड ते कपाटात कुठंतरी जपून ठेवतात, नंबर तेवढा डायरीत लिहिलेला. डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, मी बघून नंबर टाकला. सोळावा आकडा टाकला आणि लगेच लाल अक्षरात `Invalid card number`. दोनदा टाकला, तेच. मग सहज फोनचा नेट बंद केला आणि परत टाकून बघितला. तरी तेच!

म्हणजे बँकेला न विचारता हा ॲप नंबर चुकीचा ठरवतोय. कशावरून? कोण तरी म्हणालं की एक सोडून एक आकडा दुप्पट करून बेरीज करतात. ते खरं का? आणि मुख्य म्हणजे चूक कुठल्या आकड्यात आहे ते त्यावरून कळतं का? बिलाची शेवटची तारीख जवळ आलीय आणि मामा फोन उचलत नाहीत.

खडेबाजार_शेट
माझे पण दुप्पट कापले ओ! पंपावर एकदा स्वाइप केलं, दोनदा मेसेज आला. दहा दिवस झाले, परत आलेले नाहीत. कार्ड नंबर देतो, कोण ओळखीचं असेल तर बघा, ४

*(उरलेला नंबर संपादकांनी काढला. कृपया कुणीही स्वतःचा कार्ड नंबर इथे टाकू नये. आणि शेट, इथे आकडे दुप्पट करायची गोष्ट चाललीय, पैसे नव्हे.)*

टिळकवाडी_तन्मय
बाळू, ऐकलंस ते खरं आहे. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे आकडे दुप्पट करायचे. दुप्पट केल्यावर दोन आकडी आलं तर त्या दोघांची बेरीज, म्हणजे ८ चे १६, १६ चे ७. उरलेले आकडे आहेत तसे. सगळ्याची बेरीज दहाच्या पाढ्यात आली तर नंबर बरोबर. शेवटचा अंक ० यायचे दहात एकदा, म्हणून दहातली एक चूक यातून निसटते.

अथणीचे_सर
तन्मय, रीत बरोबर सांगितलीस, पण दोन ठिकाणी घसरलास.

पहिलं म्हणजे मोजणी डावीकडून नाही, उजवीकडून करायची. शेवटचा आकडा तसाच, त्याच्या डावीकडचा दुप्पट, मग एक सोडून एक. कार्ड सोळा आकडी असेल तर दोन्हीकडून एकच पडतं, म्हणून तुझं निभावलं. काही जुन्या डेबिट कार्डांवर एकोणीस आकडे असायचे. तिथं डावीकडून सुरू केलंस तर सगळं उलटं होईल.

दुसरं म्हणजे ते ‘दहातली एक’. कुणी डोळे मिटून सोळा आकडे ठोकले तर दहात एकदा बेरीज जुळेल, हे खरं. पण माणूस तसं चुकत नाही. माणूस एखादाच आकडा चुकवतो, नाहीतर शेजारचे दोन उलटे टाकतो. एकच आकडा चुकला असेल तर ही बेरीज शंभर टक्के पकडते. एकही निसटत नाही.

उदाहरण करूया. हा नंबर मी बसल्या बसल्या बनवलाय, सुरुवात शून्याने केलीय म्हणजे कुणाच्या पाकिटातला निघायला नको:

००२१ ५४०९ २२७३ १८६४

चार-चारच्या गटात प्रत्येकी पहिला आणि तिसरा दुप्पट होणार. पहिल्या गटात ०, ०, ४, १, म्हणजे ५. दुसऱ्यात ५ चे १० म्हणून १, मग ४, ०, ९, म्हणजे १४. तिसऱ्यात ४, २, मग ७ चे १४ म्हणून ५, आणि ३, म्हणजे १४. चौथ्यात २, ८, मग ६ चे १२ म्हणून ३, आणि ४, म्हणजे १७. एकूण ५०. नंबर पास.

आता ७३ मधल्या ३ ऐवजी ८ टाकलात तर ५५. नापास. ५४ चे ४५ केलेत तर ५ + ८ म्हणजे १३ येतात, पूर्वी १ + ४ म्हणजे ५ होते. बेरीज ५८. नापास.

यातला शेवटचा ४ हा बँक मुद्दाम लावते. आधीच्या पंधरांची बेरीज ४६ झाली, पन्नासाला ४ कमी, म्हणून ४. तो आकडा तपासणीसाठीच असतो. म्हणून ॲपला नेट लागत नाही.

खानापूरची_वैशाली
सर, एक शंका. दुप्पट करून दोन आकडी आलं की त्यांची बेरीज कशाला? शेवटी बघायचा तर शेवटचाच अंक ना? १६ धरले काय आणि ७ धरले काय.

अथणीचे_सर
फरक पडतो वैशाली. नुसतं दुप्पट करून एकक बघितलंत तर ० चे ० आणि ५ चे १०, म्हणजे तेही ०. मग त्या जागी ० ऐवजी ५ पडला तर बेरजेला पत्ताच नाही. तसंच १ आणि ६, २ आणि ७. बेरीज केल्यावर मात्र ० ते ९ ची उत्तरं ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ अशी येतात. दहाही वेगवेगळी, कुणीही दोनदा नाही. म्हणूनच एका आकड्याची चूक लपत नाही.

आणि दुप्पटच केलं नाही, सरळ बेरीज केली, तर ५४ आणि ४५ ची बेरीज एकच. उलटापालट सगळी निसटली असती. दुप्पट उलटापालटीसाठी, त्यातली बेरीज एका आकड्यासाठी.

खानापूरची_वैशाली
आत्ता कळलं. आमच्या वर्गात असं कुणी सांगितलं असतं तर मी कॉमर्स घेतलं नसतं.

शहापूर_विणकर
सगळी उलटापालट पकडते म्हणता, मग माझं ऐका. आमच्या धाकट्यानं त्याच्या साहेबांचं बिल भरलं, ६४०० रुपये. ॲपनं काही कुरकुर केली नाही. तीन दिवसांनी पैसे परत खात्यात, वर ‘असं कार्ड नाही’ म्हणून शेरा. बघतोय तर ०९ च्या जागी ९० टाकलेलं. साहेबांनी उशिराचा दंड याच्याकडनं घेतला तो वेगळाच.

टिळकवाडी_तन्मय
हे होऊच शकत नाही. सर आत्ताच म्हणाले ना की उलटापालट पकडते.

अथणीचे_सर
होतं तन्मय, आणि मी ‘सगळी’ म्हटलं नव्हतं. विणकर अण्णांनी नेमकं तेच एक भोक सांगितलं. ० दुप्पट केला तर ०, आणि ९ दुप्पट केला तर १८, म्हणजे परत ९. दुप्पट होऊनही न बदलणारे हे दोघेच. ते शेजारी आले आणि जागा बदलल्या तर बेरीज हलत नाही. वरच्या माझ्या नंबरात मुद्दामच ५४ नंतर ०९ ठेवलाय. ५४९० करून बघा, ५० च येणार.

चिकोडी_कोडी
मास्तर, इथं काम सोपं करून देतो. ऑफिसात बसून हेच करालोय, कुणाला सांगू नका.

```
d = [0,2,4,6,8,1,3,5,7,9]
for a in range(10):
    for b in range(a+1, 10):
        if (d[a]+b - d[b]-a) % 10 == 0:
            print(a, b)
```

एकच ओळ येते, `0 9`. म्हणजे ९० प्रकारच्या उलटापालटींपैकी ०९ चे ९० आणि ९० चे ०९, एवढ्या दोनच निसटतात.

वडगावची_सुमनअक्का
०९ म्हणा नाहीतर ९०, इकडनं मोजा नाहीतर तिकडनं, बेरीज तेवढीच. आमच्या सीमाभागासारखं झालं की ओ हे.

शहापूर_विणकर
अक्का 😄 पण एक सांगा, लॅपटॉपवर वरच्या ओळीत ९ आणि ० शेजारीच असतात. घाईत दोन बोटं पुढं-मागं पडली की झालं. म्हणजे जी चूक पकडत नाही तीच नेमकी सोपी!

चिकोडी_कोडी
अण्णा, त्याहून गंमत दाखवतो. जोडीचे आकडे, म्हणजे ४४ किंवा २२, दोन्हीच्या दोन्ही चुकतात तेव्हा काय होतं? वरच्या ओळीत आतली अट `(d[a]+a - d[b]-b) % 10` अशी करून चालवलं. तीन जोड्या आल्या: २ आणि ५, ३ आणि ६, ४ आणि ७. म्हणजे २२ च्या जागी ५५ टाकलंत, ३३ च्या जागी ६६, किंवा ४४ च्या जागी ७७, तर ॲप गप्प.

आता फोनचा आकड्यांचा पॅड उघडा. २ च्या खाली कोण? ५. ३ च्या खाली ६. ४ च्या खाली ७. बोट एक ओळ खाली सरकलं आणि तोच आकडा दोनदा दाबला की बरोबर हीच चूक. मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो.

अथणीचे_सर
छान बघितलंस. पण १ च्या खाली ४ आहे, ५ च्या खाली ८, ६ च्या खाली ९, ८ च्या खाली ०. ११ चे ४४, ५५ चे ८८, ६६ चे ९९, ८८ चे ००, हे सगळं पकडलं जातं. सात उभ्या शेजाऱ्यांपैकी तीन निसटतात. मुद्दाम नाही, योग म्हणायचा. हान्स पीटर लून यांनी ही रीत काढली तेव्हा असले फोन नव्हतेच. ते आयबीएममध्ये होते. पेटंटचा अर्ज १९५४ चा, पेटंट मिळालं १९६० ला. आणि पेटंट होतं हातात धरायच्या यांत्रिक उपकरणाचं, चाकं फिरवून बेरीज करणाऱ्या. म्हणून रीतही अशी ठेवली की चाकांना जमावी.

खानापूरची_वैशाली
फोनवर सांगताना होणाऱ्या चुकांचं काय मग? आमच्या दुकानात हे रोजचं. मी मराठीत ‘पंचवीस’ म्हटलं की लिहिणारा आधी ५ ऐकतो, ५ लिहितो, मग २. मुलगी कन्नड शाळेतली आहे, ती ‘इप्पत्तैदु’ म्हणते, तिच्यात वीस आधी आणि पाच नंतर. तिला मी ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की हमखास ७४ लिहिते.

टिळकवाडी_तन्मय
वैशालीताई, म्हणजे मराठी माणसाची चूक जास्त निसटणार.

चिकोडी_कोडी
उलट आहे तन्मय. ४७ चे ७४, २५ चे ५२ हे सगळं शेजारच्यांची उलटापालट. ते पकडलं जातं. निसटणारी एकच, ०९ आणि ९०. आणि तीच मराठीत ऐकून होत नाही. ९० ला आपण ‘नव्वद’ म्हणतो, त्यात एकक आधी यायला एककच नाही. ०९ ला ‘शून्य नऊ’ म्हणतो. कानानं त्यांची अदलाबदल होणार कशी?

वडगावची_सुमनअक्का
आणि एकोणतीस, एकोणचाळीस? आमचे हे अजून एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहितात. लग्नाला तेवढीच वर्षं झाल्यासारखी वाटतात मला.

अथणीचे_सर
अक्का, ५९ चा ६९ म्हणजे एकच आकडा चुकला. तो पकडला जाणारच. यजमानांना सांगा, निदान कार्डाच्या बाबतीत निर्धास्त राहा.

ऐकून होणारी खरी धोक्याची चूक दुसरीच. कार्डावर चार-चारचे गट असतात. सांगणाऱ्यानं तिसरा गट आधी सांगितला आणि दुसरा नंतर, तर पूर्ण गट जागा बदलतो. चार ही सम संख्या, म्हणून दुप्पट होणारे दुप्पटच राहतात आणि न होणारे तसेच. बेरीज जशीच्या तशी. माझ्या नंबरात २२७३ आणि १८६४ अदलाबदल करा, ५० च येईल. तसंच एक सोडून पलीकडचे दोन आकडे, १८६ चे ६८१. ८ जागेवर, १ आणि ६ दोघेही दुप्पट होणारेच. हेही निसटतं.

टिळकवाडी_तन्मय
मग एवढी भोकं आहेत तर बदलत का नाहीत? अकराने भागायची रीत आहे ना, पुस्तकांच्या जुन्या नंबरांना होती ती. त्यात ०९ पण सापडतं म्हणे.

अथणीचे_सर
सापडतं. पण अकराने भागलं की बाकी १० येऊ शकते, आणि दहा एका आकड्यात लिहिता येत नाहीत. म्हणून पुस्तकांवर कधीकधी शेवटी एक्स दिसायचा. कार्डाच्या पट्टीवर आणि यंत्राच्या बटणांवर एक्स आणणार कुठून? आकडेच ठेवून उलटापालट पूर्ण पकडणारी रीतही आहे, वेरहूफ यांची. आधारचा शेवटचा आकडा तिनेच येतो. पण ती कागदावर करून दाखवायला मला तक्ता लागतो. लूनची मी भाजी घेताना करतो.

चिकोडी_कोडी
इथं मी सरांशी थोडा असहमत. ‘हाताने करता येते’ हे आज कारण होऊ शकत नाही, संगणकच करतो सगळं. खरं कारण एवढंच की जगभरातली कार्डं छापून झालीत. सगळ्यांचा शेवटचा आकडा बदलणार कोण?

अथणीचे_सर
तेही आहेच. दोन्ही धरा.

खडेबाजार_शेट
म्हणजे बेरीज बरोबर आली म्हणजे कार्ड खरं असं धरायचं का? दुकानात कोण खोटं कार्ड घेऊन आलं तर बेरीज करून बघीन म्हणतो.

शहापूर_विणकर
शेट, माझ्या धाकट्याचं वाचलं नाही काय? बेरीज जुळली, आणि कार्डच नव्हतं. ती फक्त टायपिंगची चूक बघते. कार्ड आहे का, कुणाचं आहे, त्यात पैसे आहेत का, ते बँकच सांगणार. सरांनी बसल्या बसल्या एक बनवलाच की.

निपाणीचा_बाळू
सगळं वाचलं, मजा आली, पण माझं काम राहिलं 🙂 डायरीवरून बेरीज केली, ६८ आली. म्हणजे चूक आहे हे नक्की. कुठं, ते सांगता येईल का?

अथणीचे_सर
नेमकी जागा बेरीज सांगत नाही बाळू. पण संशयित कमी करते. एकच आकडा चुकला असं धरू. खरी बेरीज ६० असेल तर तुझ्यात ८ जास्त आलेत, ७० असेल तर २ कमी पडलेत. एक विचारतो, मामा डायरीत आकडे मराठीत लिहितात की इंग्रजीत?

निपाणीचा_बाळू
मिसळून लिहितात. मास्तरांची जुनी सवय. काही मराठी, काही इंग्रजी, एकाच ओळीत.

अथणीचे_सर
मग पहिला संशय १ वर. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी `9` दिसतो. दुप्पट न होणाऱ्या जागेवर १ चा 9 वाचलास तर बरोब्बर ८ वाढतात. दुप्पट होणाऱ्या जागेवर असता तर १ चे २ आणि 9 चे ९, म्हणजे ७ वाढले असते, बेरीज ६७ आली असती. ४ चा `8` वाचला असता तरी न दुप्पट जागी ४ वाढले असते, ६४. तुझी ६८ आहे. म्हणून उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा जागांवरचे 9 बघ.

खात्री देत नाही. वर मी ५४ चे ४५ केलं तेव्हाही ८ च वाढले होते. तसली उलटापालटही असू शकते.

निपाणीचा_बाळू
तसल्या जागी दोन 9 आहेत सर. उजवीकडून पाचवा आणि अकरावा. अकराव्याला खाली शेपटी जरा वळलेली वाटते. पण दोन्हीही बदलून बघितले तर दोन्ही वेळा ६० च येते!

चिकोडी_कोडी
येणारच. एक बदल की दुसरा, कमी तेवढेच होणार. आता बेरीज संपली, मामाच पाहिजेत. अंदाजानं भरू नकोस, चुकलास तर ॲप गप्प बसेल आणि पैसे भलत्याच कार्डावर जातील.

वडगावची_सुमनअक्का
मामांच्या शेजारणीला फोन लाव. कागलमध्ये शेजारणीला सगळं माहीत असतं.

निपाणीचा_बाळू
मामा रात्री सापडले. फोन चार्जिंगला लावून देवळात गेले होते. कपाटातलं कार्ड काढायला लावलं, त्यांनी एकेक आकडा सुटा सांगितला. अकरावा नव्हताच, पाचवा होता. शेपटी वळलेला खरा इंग्रजी 9 निघाला आणि सरळ दिसणारा मराठी १! बेरीज ६०, बिल भरलं, पावती आली.

आता मामा म्हणतात, डायरीतले सगळ्या पाव्हण्यांचे मोबाइल नंबर पण असेच बेरीज करून तपासून दे.

अथणीचे_सर
मोबाइल नंबरात तपासणीचा आकडाच नसतो रे बाळू. फोनच्या यंत्राला असतो, `*#06#` दाबलं की दिसतो तो पंधरा आकडी, त्याला हीच बेरीज लागते. पाव्हण्यांना एकेक करून फोन लावावा लागेल.

निपाणीचा_बाळू
एकशे चाळीस पाव्हणे आहेत सर.